‘आय ॲम नोइंग’ कुठे चुकतं आणि ते ताडून कसं पाहायचं

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या तिघी जणी आमच्या केंद्रावर एक कागद घेऊन आल्या. बंगळुरूच्या एका दुकानदाराला त्यांचे उडदाचे पापड हवे होते. त्याला मराठी येत नाही, यांना कन्नड येत नाही, म्हणून पत्र इंग्रजीत लिहायचं ठरलं. गटातल्या एकीच्या बारावीतल्या मुलीनं ते लिहून दिलं. तिघींचं म्हणणं एवढंच, की पाठवण्याआधी कुणीतरी नजर टाकावी. पहिलीच मोठी ऑर्डर होती आणि पत्र वाचून तो हसला तर काय, ही धास्ती होती.

पत्र असं होतं. सावकाश वाचतो.

‘वी आर हॅविंग फॉर्टी किलोज ऑफ उडीद पापड. ईच पॅकेट इज वेइंग टू हंड्रेड ग्रॅम्स. इट इज कंटेनिंग उडीद, ब्लॅक पेपर अँड हिंग. वी आर नोइंग पॅकिंग ऑल्सो. धिस वीक वी आर मेकिंग फ्रेश पापड्स. वी आर थिंकिंग यू विल लाइक द टेस्ट. वी आर वॉन्टिंग हाफ पेमेंट इन ॲडव्हान्स.’

स्पेलिंग एकही चुकलेलं नाही. अक्षर तर मोत्यासारखं. पण सात वाक्यांपैकी सहा वाक्यांत एकच चूक आहे. आणि ती चूक त्या मुलीचीच नव्हे, आम्हीही शाळेत असताना हेच लिहायचो. आज तेवढी एकच गोष्ट नीट पाहू.

इंग्रजीत एखादं काम आत्ता चालू आहे असं सांगायचं असलं की ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ येतं आणि क्रियापदाच्या शेवटी ‘इंग’ लागतं. ‘आय ॲम कुकिंग’, मी स्वयंपाक करत आहे. ‘शी इज स्टिचिंग’, ती शिवत आहे. शाळेत याला आपण चालू वर्तमानकाळ म्हणून शिकलो. हे सगळं बरोबर आहे, पण करण्याच्या कामांना. काही क्रियापदं करण्याची नसतात, असण्याची असतात. माहीत असणं, जवळ असणं, हवं असणं, आवडणं, एखाद्या वस्तूचं वजन अमुक असणं, तिच्यात अमुक पदार्थ असणं. इंग्रजी व्याकरणात यांना स्टेटिव्ह व्हर्ब म्हणतात, म्हणजे स्थिती सांगणारी क्रियापदं. त्यांना हा ‘इंग’वाला काळ सहसा चालत नाही. तिथे साधं ‘आय नो’, ‘वी हॅव’, ‘वी वॉन्ट’ म्हणायचं.

मग आपल्याकडून तो ‘इंग’ का लागतो? आम्ही त्या तिघींबरोबर बसून हे शोधलं, तर खोट मराठीत सापडली. खोट म्हणजे दोष नव्हे, मराठीची चाल तशी आहे. ‘मी पापड लाटत आहे’ आणि ‘मला माहीत आहे’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. दोन्हींच्या शेवटी ‘आहे’. त्याच्या आधीच्या शब्दाच्या शेवटी दोन्हीकडे ‘त’. लाटत आहे, माहीत आहे. कानाला अगदी सख्ख्या बहिणी वाटतात. ‘लाटत आहे’चं ‘ॲम रोलिंग’ होतं, मग ‘माहीत आहे’चं ‘ॲम नोइंग’ व्हायला काय हरकत आहे?

पण या बहिणी नाहीत. ‘लाटत’ हा शब्द ‘लाटणे’ या क्रियापदापासून आला. त्याचं लाटते, लाटलं, लाटेन असं सगळं होतं. ‘माहीत’चं करून पाहा. माहते, माहलं, माहेन? असं कुणी बोलत नाही. तिथला ‘त’ काम चालू असल्याचा नाहीच. ‘माहीत आहे’ यातलं ‘आहे’ म्हणजे नुसतं असणं, जसं ‘अंगणात तुळस आहे’. तसंच ‘माझ्याकडे दोन म्हशी आहेत’ यातलं ‘आहेत’. पण आपण पाठ केलेलं असतं, की ‘आहे’ दिसलं की ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ लिहायचं. म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू बफलोज’ असं तोंडात येतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. मराठीत आपण ‘मला वाटतंय’, ‘मला कळतंय’, ‘मला दिसतंय’ असं सर्रास बोलतो आणि ते शुद्ध मराठी आहे. मराठीला तिथे चालू काळ चालतो, इंग्रजीला सहसा चालत नाही. त्यामुळे मराठी वाक्याचा काळ पाहून इंग्रजीचा काळ ठरवायचा नाही.

आता कुणी म्हणेल, समोरच्याला कळलं म्हणजे झालं. बरेचदा कळतंच. आपल्या देशात इतके लोक असं बोलतात, की मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांनी अशा इंग्रजीवरच काही कविता लिहिल्या. पण काही ठिकाणी अर्थच पालटतो, आणि तिथे ‘कळलं म्हणजे झालं’ पुरत नाही. पत्रातलं पहिलं वाक्य घ्या. ‘हॅव’ला ‘इंग’ लागून पुढे खाण्याचा पदार्थ आला, की त्याचा अर्थ खाणं. ‘वी आर हॅविंग टी’ म्हणजे आम्ही चहा घेत आहोत. मग ‘वी आर हॅविंग फॉर्टी किलोज ऑफ पापड’ म्हणजे आम्ही चाळीस किलो पापड खात बसलो आहोत! हे ऐकून तिघी इतक्या हसल्या, की बाहेरून आमचा तांत्रिक सहकारी बघायला आला.

दुसरं उदाहरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ‘आय ॲम हॅविंग अ बेबी’ याचा इंग्रजीतला अर्थ, मला मूल होणार आहे. ‘आय हॅव अ बेबी’ म्हणजे मला लहान मूल आहे. दवाखान्यात मराठी न जाणणाऱ्या डॉक्टरांनी मुलांबद्दल विचारलं आणि बाईनं ‘आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन’ असं उत्तर दिलं, तर ऐकणाऱ्याला जुळं होणार आहे की काय, असं वाटू शकतं. औषध देण्याआधी पोटात मूल आहे की नाही हे डॉक्टरांना नेमकं कळावं लागतं. तिथे ‘आय हॅव टू चिल्ड्रन’ असंच म्हणायला हवं.

आता मुख्य प्रश्न. लिहिताना शंका आली तर चूक आहे की नाही हे ठरवायचं कसं? मोबाईलमध्ये चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येते, तिच्यावर विसंबू नका. ती मुख्यतः स्पेलिंग तपासते आणि ‘नोइंग’ हा शब्द स्पेलिंगनं अगदी बरोबर आहे. तो इंग्रजीत आहेही. ‘विदाउट नोइंग’ म्हणजे माहीत नसताना, हे शुद्ध इंग्रजी आहे. चूक एकट्या ‘नोइंग’मध्ये नाही, ‘ॲम’ आणि ‘नोइंग’ या जोडीत आहे. म्हणून पुस्तकात कुठे ‘नोइंग’ छापलेलं दिसलं, तर त्याच्या आधी ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ आहे का, ते आधी बघायचं.

पहिली चाचणी घरचीच आहे. वाक्य मराठीत म्हणायचं आणि सुरुवातीला ‘मी’ येतं की ‘मला’, ‘माझ्याकडे’ येतं ते ऐकायचं. मी लाटते, मी विकते, मी मोजते, ही कामं. मला माहीत आहे, मला आवडतं, मला हवं आहे, मला आठवतं, मला समजतं, मला पटतं, माझ्याकडे आहे, इथे आपण काही करत नाही, ते आपल्या ठायी असतं. ‘मला’ आलं की सावध व्हायचं, ‘इंग’ बहुधा लागणार नाही. फोनवर आवाज येत नसला तर आपण म्हणतो ‘मला ऐकू येत नाही’. ‘मला’ आलं, म्हणजे ‘आय ॲम नॉट हिअरिंग’ नव्हे, ‘आय कान्ट हिअर यू’. समजलं नाही तर ‘आय डोन्ट अंडरस्टँड’.

पण ही चाचणी पक्की नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. ‘मी तिला ओळखते’ यात ‘मी’ आहे, तरी इंग्रजीत ‘आय नो हर’च. उलट ‘मला कंटाळा येतोय’ यात ‘मला’ आहे, तरी ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’ बरोबर आहे, कारण कंटाळा हळूहळू चढतोय, काहीतरी घडतंय. म्हणून ‘मला’ म्हणजे दारावरची कडी वाजली एवढंच समजायचं. कोण आलंय ते उठून बघावं लागतं.

ते बघायला दुसरी चाचणी. ते क्रियापद हुकूम म्हणून देऊन पाहा आणि मध्येच थांबवून पाहा. ‘लाट गं’, ‘लाटणं थांबव’, दोन्ही जमतं. ‘माहीत अस गं’, ‘म्हशी जवळ असणं थांबव’, असं कुणी म्हणत नाही. हुकूम देता येत नाही आणि मध्येच थांबवता येत नाही, ती स्थिती. यामुळे इंग्रजीतल्या दोन जोड्या लख्ख कळतात. ‘रेडिओ ऐक’ असा हुकूम देता येतो. ते ‘लिसन’. म्हणून तुम्ही आत्ता हे ऐकत असाल तर ‘आय ॲम लिसनिंग टू द रेडिओ’ अगदी बरोबर. आवाज कानावर पडणं हे ‘हिअर’, ते हुकमानं होत नाही. तसंच मुद्दाम बघणं ‘लुक’, नुसतं दिसणं ‘सी’. ‘आय ॲम लुकिंग ॲट द बोर्ड’ चालतं, ‘आय ॲम सीइंग द बोर्ड’ चालत नाही. आणि ‘आय ॲम सीइंग हिम’ म्हटलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा माझं त्याच्याशी जुळलं आहे असा घेतात. तेव्हा जपून!

तिसरी चाचणी शब्दकोशाची, आणि शेवटचा निकाल तिचा. आपल्या घरात इंग्रजी-मराठीचा छोटा कोश असतो, त्यात नुसता अर्थ मिळतो. इथे लागतो तो इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ नावाचा मोठा कोश हायस्कूलच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात मिळू शकतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचे असे कोश मोबाईलवर फुकट पाहता येतात. शब्द ‘इंग’ काढून मूळ रूपात शोधायचा. ‘नोइंग’ नाही, ‘नो’. अर्थाच्या आसपास कंसात बारीक अक्षरांत एक सूचना असते. ऑक्सफर्डमध्ये ती ‘नॉट यूज्ड इन द प्रोग्रेसिव्ह टेन्सेस’ अशी असते, लाँगमनमध्ये ‘नॉट इन प्रोग्रेसिव्ह’, केंब्रिजमध्ये ‘नॉट कंटिन्युअस’. प्रोग्रेसिव्ह आणि कंटिन्युअस ही एकाच काळाची दोन नावं आहेत, गोंधळू नका. काही शब्दांच्या सूचनेत ‘यूज्वली’ हा शब्दही असतो. त्याचा अर्थ सहसा नाही, क्वचित चालतं.

ही सूचना वाचताना एक काळजी घ्यायची. ती शब्दाला नव्हे, अर्थाला लावलेली असते. ‘हॅव’ काढून पाहिलं तर एकाखाली एक, आकडे घातलेले पुष्कळ अर्थ दिसतात. जवळ असणं या अर्थापुढे सूचना आहे, खाणंपिणं या अर्थापुढे नाही. आपल्या वाक्यातला अर्थ कोणत्या आकड्याखाली बसतो ते आधी शोधायचं, मग सूचना बघायची. आणि सूचना दिसली नाही म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. कोश प्रत्येक ठिकाणी ती छापतोच असं नाही. तेव्हा त्या अर्थाखालची तिरप्या अक्षरातली उदाहरणं वाचायची. ती सगळी साध्या काळात असतील तर आपणही साधा काळ वापरायचा.

पत्र लिहिणारी मुलगी पुढच्या खेपेला आईबरोबर आली. तिनं विचारलं, मग मॅकडॉनल्ड्सच्या जाहिरातीत ‘आय ॲम लविंग इट’ कसं म्हणतात? बिनतोड प्रश्न होता. ही घोषणा २००३ पासून जगभर चालते आणि ‘लव्ह’ हे स्टेटिव्ह क्रियापदच आहे. पण तिथे ‘लव्ह’चा अर्थ प्रेम असणं नाही, आत्ता खाताना मजा येतेय, असा आहे. गप्पांत आणि जाहिरातीत असं बोलतात. अर्जात, पत्रात, परीक्षेत ‘आय लव्ह’ लिहायचं. शिवाय ‘लव्ह’ला जी सूट मिळते ती ‘नो’ला मिळत नाही. ‘आय ॲम नोइंग’ जाहिरातीतही चालायचं नाही.

आता पत्राकडे वळू. ‘वी आर हॅविंग’चं ‘वी हॅव’ झालं. पुढचं वाक्य पाकिटाच्या वजनाचं. इथे एक गंमत आहे, ‘वे’ या एकाच शब्दाची दोन कामं आहेत. बाई तराजूवर पापड तोलते ते करणं, म्हणून ‘शी इज वेइंग द पापड्स’ बरोबर. पाकीट मात्र स्वतः काही तोलत नाही, त्याचं वजन तेवढं असतं. म्हणून ‘ईच पॅकेट वेज टू हंड्रेड ग्रॅम्स’. नाहीतर पाकीटच तराजू हातात घेऊन बसलंय, असं व्हायचं. इथे ‘इंग’ गेला आणि ‘स’ आला, तो विसरायचा नाही. वस्तू किंवा माणूस एकच असलं, आणि ते मी किंवा तू नसलं, की हा ‘स’ लागतो. तसंच ‘इट कंटेन्स’.

‘वी आर नोइंग पॅकिंग’ दुरुस्त करताना मुलीनं आधी ‘वी आर नो’ असं लिहिलं. ही दुसरी चूक आम्हाला फार दिसते. ‘इंग’ काढला की ‘आर’ही काढायचा, ती जोडी एकत्र येते आणि एकत्र जाते. म्हणून ‘वी ऑल्सो नो हाऊ टू पॅक’. प्रश्न करताना ‘आर यू नोइंग’ नाही, ‘डू यू नो’. नकारात ‘आय डोन्ट नो’.

‘वी आर थिंकिंग’वर थोडा वेळ गेला, कारण ‘थिंक’ दोन्हीकडे जातं. मत असलं तर स्थिती, डोक्यात विचार घोळत असला तर क्रिया. पाचशे किलोची मोठी ऑर्डर घ्यावी का, हे ठरत नसेल तर ‘वी आर थिंकिंग अबाउट इट’ म्हणायचं. पण चव तुम्हाला आवडेल असं आमचं मत आहे, ते ठरलेलं आहे, त्यामुळे ‘वी थिंक’. मराठीत दोन्हीकडे ‘वाटतंय’, ‘विचार करतोय’ असं मिसळतं म्हणून नीट पाहावं लागतं.

आगाऊ रकमेच्या वाक्यात व्याकरणानं ‘वी वॉन्ट’ बरोबर होतं, पण ते दटावल्यासारखं वाटतं. गिऱ्हाइकाला आपण ‘पैसे पाहिजेत’ असं तोंडावर म्हणत नाही. तिघींनी ‘वी नीड’ पसंत केलं. उडीद डाळ आणायला पैसे खरंच लागत होते.

शेवटी गेलेलं पत्र असं: ‘वी हॅव फॉर्टी किलोज ऑफ उडीद पापड. ईच पॅकेट वेज टू हंड्रेड ग्रॅम्स. इट कंटेन्स उडीद, ब्लॅक पेपर अँड हिंग. वी ऑल्सो नो हाऊ टू पॅक. धिस वीक वी आर मेकिंग फ्रेश पापड्स. वी थिंक यू विल लाइक द टेस्ट. वी नीड हाफ द पेमेंट इन ॲडव्हान्स.’

पाचव्या वाक्यातला ‘मेकिंग’ आम्ही तसाच ठेवला. मुलगी सगळेच ‘इंग’ खोडायला निघाली होती. पण त्या आठवड्यात गटाच्या ओसरीवर पापड लाटणं खरोखरच चालू होतं.